एक फोटो, दोन चित्रे

या भागात पडद्यावर मी दोन चित्रे शेजारी ठेवून दाखवली होती. पुस्तकात ती शब्दांत सांगतो.

दोन्ही चित्रे एकाच फोटोवरून केलेली आहेत. कुंभकोणमचा महामहम तलाव, सकाळी साडेसहाची वेळ. काठावरच्या सोळा दगडी मंडपांपैकी दोन फोटोत दिसतात, समोर पायऱ्या, आणि खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेली माझी आई. पुढच्या वर्षी ती गेली. हा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता, पण तो फारच सपाट आला होता. म्हणून दोन शैलींत रंगवून पाहिला.

आधी एक पथ्य पाळले. दोन सारख्या पुठ्ठ्यांवर कार्बन कागदाने एकच रेखाटन उतरवले. मंडपाचा खांब, आईची पाठ, सगळे त्याच जागी. रेखाटन सारखे असले, की जो फरक दिसेल तो रंगांचा आणि ब्रशच्या फटकाऱ्यांचा.

पहिले चित्र इम्प्रेशनिस्ट पद्धतीचे. काळा रंग बाजूला ठेवला. सावल्या निळ्या-जांभळ्या रंगात केल्या. रंग पॅलेटवर पूर्ण न मिसळता छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे लांबून डोळाच ते मिसळतो. पाण्यात फटकारे आडवे, दगडावर उभे आणि जाड. कडा मुद्दाम मोडल्या. फौजेत आम्ही कॅमुफ्लाज शिकायचो, त्यातही पहिले काम बाह्यरेषा तोडण्याचेच असते. इथे तसेच झाले: आईची पाठ धुक्यात आणि पाण्यात विरघळली. सकाळ मात्र हुबेहूब उतरली. ओलावा जाणवत होता, आणि हे दृश्य क्षणात बदलेल असेही वाटत होते.

दुसरे चित्र फॉव्ह पद्धतीचे. १९०५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मातीस, देरँ यांचे भडक रंग पाहून एका समीक्षकाने 'फॉव्ह' म्हणजे जंगली श्वापदे हा शब्द वापरला आणि तेच नाव पडले. त्यांच्याकडे रंग वस्तूचा असत नाही, चित्रकाराच्या भावनेचा असतो. मी आकाश नारिंगी केले, पाणी गडद हिरवे, पायऱ्या गुलाबी, आईची साडी लाल. रंग ट्यूबमधून जवळजवळ तसेच, मोठ्या सपाट ठिगळांत.

पहिल्या प्रयत्नात चित्र जत्रेतल्या पताकांसारखे झाले. खोली नाहीशी झाली, मंडप पाण्यावर चिकटवल्यासारखा. चूक कुठे आहे हे शोधायला मोबाईलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढला. मंडप आणि पाणी एकाच करड्या छटेचे निघाले! रंगाची जात वाटेल ती घ्या, पण उजेड-अंधाराचा क्रम मूळ फोटोसारखा राहिला पाहिजे. पाणी आणखी गडद केले, मंडप फिकट पिवळा केला, आणि चित्र जागेवर आले. आता लाल साडीशेजारी हिरवे पाणी होते. एकमेकांविरुद्धचे हे रंग शेजारी आले की दोन्ही अधिक पेटतात. नजर थेट आईवर जात होती.

असा प्रयोग इतिहासातही झाला आहे. मोनेने १८९९ ते १९०१ या काळात लंडनला थेम्स नदी आणि चेरिंग क्रॉसचा पूल पुन्हा पुन्हा रंगवला. पूल धुक्यात तरंगतो. १९०६ मध्ये देरँ त्याच नदीकाठी गेला आणि तोच पूल भडक रंगांत रंगवला. नदी तीच, पण एकात शांत गूढता आणि दुसऱ्यात उत्साह.

मग शंका आली: मनःस्थिती बदलते ती रंगाने की फटकाऱ्याने? तिसऱ्या पुठ्ठ्यावर पहिल्याचे छोटे फटकारे आणि दुसऱ्याचे रंग वापरले. चित्र अस्वस्थ, थरथरणारे झाले. चौथ्यावर सपाट ठिगळे आणि नैसर्गिक रंग. ते स्वच्छ पण थंड, पोस्टरसारखे. एवढ्या चार पुठ्ठ्यांवरून मला इतकेच कळले, की भावनेचा ताप रंगाने चढतो-उतरतो, आणि क्षण हलतो आहे की थांबला आहे हे फटकारा सांगतो. हा नियम नव्हे. फोटो बदलला की पुन्हा पाहावे लागेल.

बहिणीला दोन्ही चित्रे दाखवली. पहिले पाहून ती म्हणाली, "दादा, सकाळ आली, पण आई निघून चालली आहे." दुसरे पाहून बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आईने एवढी लाल साडी कधी नेसली नव्हती. पण ही इथे बसली आहे."

भिंतीवर दुसरे लावले आहे. पहिले माझ्या टेबलाच्या खणात आहे. पहाटे लवकर जाग आली, की ते काढून पाहतो.