खोकं उघडण्याआधी काय लिहायचं, नंतर काय

खोकं एकदाच उघडता येतं. सील फाडताना कॅमेरा हलला किंवा फोकस हातावरून मागच्या भिंतीवर गेला, तर तो क्षण परत मिळत नाही. पुन्हा टेप लावून केलेलं 'पहिलं' उघडणं बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. म्हणून अनबॉक्सिंगची संहिता आधी लिहून ठेवावी लागते. त्याच व्हिडिओत पुढे वस्तूबद्दलचं मत येतं, आणि ते वापरल्याशिवाय लिहिताच येत नाही. बहुतेक रिव्ह्यू इथेच घसरतात. सगळं एकाच दुपारी चित्रित होतं आणि खोक्यावर जे छापलेलं असतं तेच मत म्हणून वाचून दाखवलं जातं.

समजा, एका कंपनीने 750 वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर पाठवला आहे. तो परत मागणार नाहीत, शिवाय व्हिडिओचे पैसेही देणार आहेत. आठेक मिनिटांचा मराठी व्हिडिओ करायचा आहे. बोलण्याचा वेग मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास धरला, तर सलग बोलून हजार शब्द होतात. प्रत्यक्षात सहा-सातशेच लिहावेत, कारण मिक्सर चालू असताना बोलता येत नाही आणि तो आवाज लोकांना ऐकू द्यायचाच असतो.

कागदाचे दोन रकाने करावेत: डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. पहिल्या दिवशी फक्त खोकं उघडण्याचा भाग लिहायचा. या भागात उजवा रकाना जवळजवळ रिकामा राहिला तरी चालतो. डावा मात्र भरलेला हवा. न फाडलेलं सील, खोक्यावरचं लेबल, म्हणजे कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष. मग भांडी आत कशी बसवली आहेत, आणि वॉरंटी कार्डावर मोटरची मुदत आणि बाकी वस्तूची मुदत वेगवेगळी आहे का. कॅमेरा वरून, न थांबता चालू ठेवावा. एखादं झाकण कमी निघालं तर तोच पुरावा असतो.

इथे बोलायचं ते डोळ्यांना दिसणारं आणि टेपने मोजता येणारं. 'वायर चांगली लांब आहे' हे मत झालं. 'वायर एवढे सेंटिमीटर आहे, तुमच्या ओट्यावरचा प्लग किती लांब आहे ते बघा' ही माहिती झाली. मोठ्या भांड्यावर दीड लिटर लिहिलेलं असेल, तर मापाच्या कपाने पाणी ओतून कमाल खुणेपर्यंत किती मावतं ते दाखवावं. खूण बऱ्याचदा काठाच्या बरीच खाली असते, आणि वापरणाऱ्याच्या कामाचा आकडा तोच.

पहिल्याच दिवशी मत देऊ नये याला आणखी एक कारण आहे. नवा मिक्सर पहिल्यांदा चालवला की मोटरच्या गुंडाळीवरचं वार्निश तापून वास येतो. अनेक माहितीपुस्तिकांत तसं लिहिलेलंही असतं. त्याच दिवशी 'जळका वास येतो' असं सांगून टाकलं तर ते कंपनीवर अन्याय करणारं ठरतं. तोच वास आठवड्यानंतरही येत राहिला, तर मात्र तो सांगितलाच पाहिजे.

मग वापर. चाचण्या आपल्या स्वयंपाकघरातल्या असाव्यात, आणि प्रत्येक वेळी माप तेच. एक वाटी भिजवलेली उडीद डाळ मोठ्या भांड्यात, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण मधल्या भांड्यात. शेंगदाण्याचं कूट थांबून थांबून फिरवायचं, कारण सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो. आणि छोट्या भांड्यात दोन माणसांपुरती लसूण-मिरचीची चटणी. ही शेवटची चाचणी फार कमी जण करतात, आणि मिक्सर बऱ्याचदा तिथेच अडतो. जिन्नस कमी असला की तो भिंतीला चिकटतो आणि पातं नुसतं फिरत राहतं. आवाजासाठी फोनमधलं डेसिबलचं अ‍ॅप वापरलं तर तो आकडा खरा म्हणून सांगू नये, कारण फोनचा माइक प्रमाणित केलेला नसतो. घरातला जुना मिक्सर आणि नवा, तेच वाटण, फोन तेवढ्याच अंतरावर, अशी तुलना मात्र प्रामाणिक ठरते. दर वेळी काय घातलं, किती वेळ फिरवलं, काय झालं हे वहीत टिपून ठेवायचं. मिक्सर मध्येच बंद पडला, खालचं लाल बटण दाबून तो पुन्हा सुरू करावा लागला, तर त्या वेळी भांड्यात किती माल होता हेही लिहायचं. क्षमतेपेक्षा जास्त भरल्यावर बंद पडणं ही मोटर वाचवण्याची सोय आहे, तो दोष नव्हे.

आता दुसरा भाग लिहायला बसायचं. त्यातलं पहिलं वाक्य मिक्सरबद्दल असणार नाही. ते असं असेल: 'हा मिक्सर कंपनीने मला फुकट दिला आहे, तो माझ्याकडेच राहणार आहे, आणि या व्हिडिओचे पैसेही कंपनीने दिले आहेत.' हे खोकं उघडण्याच्याही आधी, व्हिडिओच्या सुरुवातीलाच यायला हवं. 'हा मिक्सर पाठवल्याबद्दल कंपनीचे मनापासून आभार' या वाक्याने काम होत नाही. त्यातून मिक्सर परत करायचा की नाही, पैसे मिळाले की नाहीत, यातलं काहीच कळत नाही. मला तर ते लपवण्यापेक्षा वाईट वाटतं, कारण सांगितल्याचा भास होतो.

भारतात याचे नियम पुरेसे स्पष्ट आहेत. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था असलेल्या अ‍ॅस्कीने 2021 साली इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत ज्या भागात त्या ब्रँडबद्दल किंवा त्याच्या गुणांबद्दल बोलणं चालू आहे, त्या संपूर्ण भागात पडद्यावर खुलाशाची पट्टी राहिली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आपली पुस्तिका काढली. तिच्यानुसार व्हिडिओतला खुलासा दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे, आणि शिफारस ज्या भाषेत तोही त्याच भाषेत. म्हणजे मराठी व्हिडिओच्या वर्णनात वीस हॅशटॅगच्या गर्दीत एक इंग्रजी शब्द टाकून सुटका नाही. पट्टीवर सरळ 'जाहिरात' किंवा 'सशुल्क सहयोग' लिहावं. यूट्यूबवर अपलोड करताना सशुल्क प्रचाराची खूण करायची असते; त्यानंतर सुरुवातीची दहा सेकंद `Includes paid promotion` असं दिसतं. ती खूण करावीच, पण आठ मिनिटांच्या व्हिडिओला दहा सेकंदांची इंग्रजी पट्टी पुरत नाही.

खुलासा फक्त पैशांचा नसतो. फुकट वस्तू, सवलत, सहल, कंपनीतली नोकरी, नातेवाइकाची कंपनी, हे सगळं हितसंबंधात येतं. स्वतःच्या पैशाने मिक्सर घेतला असेल, पण खाली दिलेल्या लिंकवरून खरेदी झाल्यावर कमिशन मिळत असेल, तर तेही बोलून दाखवायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच झालं तर 50 लाखांपर्यंत. दाव्यांची खातरजमा करण्याची योग्य ती काळजी घेतली होती असं दाखवता आलं तर बचाव होतो. चाचण्यांची वही तिथेही उपयोगी पडते.

आता गुण-दोष. इथे एक पळवाट फार रूढ झाली आहे, ती म्हणजे शोभेचा दोष. 'रंगाचे आणखी पर्याय हवे होते', 'खोकं जरा मोठं आहे' असं काहीतरी सांगायचं आणि निःपक्षपातीपणाची खूण करून पुढे जायचं. दोष खरा आहे की शोभेचा, हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: हे ऐकून कुणी खरेदीचा विचार बदलेल का? बदलणार नसेल तर ते वाक्य दोषांच्या यादीत शोभत नाही. गुणांनाही तोच नियम. खोकं न उघडता, नुसती जाहिरात वाचून जे वाक्य लिहिता आलं असतं, ते रिव्ह्यूतून काढून टाकावं. 'दमदार 750 वॅट मोटर' हे त्यातलंच.

दोष लिहिताना तो कुणाला नडेल हे सोबत लिहावं. वहीतल्या टिपांवरून संहितेचा मजकूर असा होईल: 'खोबऱ्या-कांद्याचं वाटण या मिक्सरने माझ्या जुन्या मिक्सरपेक्षा लवकर आणि बारीक केलं. कूट एकसारखं झालं, गोळा झाला नाही. पण छोट्या भांड्यात दोघांपुरती चटणी वाटताना मला चार वेळा झाकण उघडून चमच्याने ढकलावं लागलं. घरात दोघंच असाल आणि रोज चटणी लागत असेल, तर हा मिक्सर तुमच्यासाठी नाही. पाच-सहा माणसांचं घर असेल तर ही अडचण तुम्हाला जाणवणारही नाही.' यात गुण आणि दोष सारख्याच बारकाईने आले आहेत. तीन गुण तर तीन दोष अशी बरोबरी करत बसायची गरज नाही. वस्तू खरंच चांगली असेल तर दोष एकच निघेल. मात्र गुणाच्या वेळी जवळून टिपलेलं दृश्य आणि दोषाच्या वेळी फक्त बोलणारा चेहरा, असं होऊ देऊ नये. भिंतीला चिकटलेली चटणीही तितक्याच जवळून दाखवावी.

संहिता कंपनीला दाखवावी का? करारात तशी अट बहुधा असतेच. ती मान्य करताना एवढं लेखी घ्यावं की कंपनी फक्त तथ्यांच्या चुका दाखवेल, आणि पैसे मताच्या दिशेवर अवलंबून नसतील. वॉरंटीची मुदत चुकली, किंमत बदलली, तर दुरुस्ती करायची. 'चटणीचा मुद्दा गाळा' ही दुरुस्ती नव्हे. कंपनी हटूनच बसली आणि आपल्यालाही पैसे सोडायचे नसतील, तर व्हिडिओच्या नावातून 'रिव्ह्यू' हा शब्द काढून 'जाहिरात' लिहावं. जाहिरात करणं यात कमीपणा काही नाही, पण तिच्यातले दावेही खरेच असले पाहिजेत. आणि व्हिडिओ कंपनीने आधी पाहिला असेल तर तेही एका वाक्यात सांगून टाकावं.

व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांनी कपलर झिजतो, किंवा भांड्याच्या बुडातून पाणी मोटरवर ठिबकायला लागतं. यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ बदलून टाकता येत नाही, मधला तुकडा कापता येतो आणि वर्णन बदलता येतं. म्हणून वर्णनाची पहिली ओळ तारखेसकट बदलावी: 'सहा महिन्यांच्या वापरानंतर मोठ्या भांड्याचा कपलर बदलावा लागला, वॉरंटीत बसला नाही.' मत इतकं बदललं असेल की आपण आता हा मिक्सर कुणाला सुचवणार नाही, तर त्याच दिवशी खालची कमिशनची लिंकही काढून टाकावी.