दुसऱ्यांदा DELETE: आधीच रद्द झालेलं पुन्हा रद्द केलं, तर सर्व्हरनं काय सांगावं?

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाचं ॲप डोळ्यांसमोर आणा. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी जागा मोजक्या, शनिवारी संध्याकाळी त्यांच्यासाठी ओढाताण, म्हणून सोसायटीनं या जागा तासांच्या हिशोबानं ॲपवर बुक करायची सोय केली आहे. कासारवडवलीच्या अशा संकुलातल्या एका काकूंनी भावासाठी सहा ते आठ P-7 ही जागा घेतली. भाऊ बोरिवलीहून निघाला आणि गायमुखच्या घाटात अडकला. "ताई, गाडी जागची हलत नाहीये, मी परत फिरतो," असा त्याचा फोन आला. काकू लिफ्टमध्ये होत्या. त्यांनी तिथेच 'बुकिंग रद्द करा' दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं, म्हणून खाली उतरल्यावर पुन्हा दाबलं. स्क्रीनवर लाल पट्टी आली: 'बुकिंग सापडलं नाही.'

आता बुकिंग रद्द झालं की नाही? पैसे परत येणार की नाही? उदाहरण कल्पित आहे, पण सर्व्हरच्या नोंदीत अशा वेळी काय दिसतं ते ठरलेलं आहे:

```
18:04:11  DELETE /bookings/48213  204
18:04:19  DELETE /bookings/48213  404
```

पहिल्या विनंतीनं काम केलं. 204 म्हणजे 'झालं, सांगण्यासारखं आणखी काही नाही'. पण हे उत्तर लिफ्टमधल्या फोनपर्यंत पोचलंच नाही. दुसऱ्या विनंतीला काढायला काही उरलं नव्हतं, म्हणून 404. सर्व्हर दोन्ही वेळा खरं बोलला, तरी काकूंची समजूत उलटीच झाली. दुसऱ्या वेळी 404 द्यावं की 204, यावर प्रोग्रॅमर मंडळींत वर्षानुवर्षं वाद चालतो, आणि त्यातला बराचसा काही पक्क्या गैरसमजांवर उभा असतो.

गैरसमज: DELETE आयडेम्पोटंट आहे, म्हणून दोन्ही वेळा उत्तर तेच आलं पाहिजे.

आयडेम्पोटंट म्हणजे तीच विनंती एकदा केली काय, दहादा केली काय, सर्व्हरवर अपेक्षित परिणाम तोच. व्याख्या परिणामाची आहे, उत्तराची नाही. एचटीटीपीचं सध्याचं मानक, जून २०२२ चं आरएफसी ९११०, हे स्पष्ट सांगतं: विनंती पुन्हा केली तरी परिणाम तोच राहील, उत्तर मात्र वेगळं असू शकतं. २०१४ च्या आरएफसी ७२३१ मध्येही हेच होतं. सर्व्हरनं प्रत्येक विनंतीची वेगळी नोंद ठेवली, तरी मानकाची हरकत नाही. वरच्या दोन ओळींनंतर ४८२१३ क्रमांकाचं बुकिंग अस्तित्वात नाही, आणि एकाच ओळीनंतरही ते नसतंच. त्यामुळे 404 नं नियम मोडत नाही आणि 204 नंही मोडत नाही. 'मानकात लिहिलंय' म्हणून कुणी यांपैकी एकाच उत्तराचा आग्रह धरत असेल, तर मानकाचा तसा आधार नाही. निवड आपल्याला करायची आहे आणि तिचं कारणही आपल्यालाच द्यावं लागेल.

गैरसमज: दुसरी विनंती येते ती कुणी बटण दोनदा दाबलं म्हणून. बटण दाबल्यावर ते बंद करून टाकलं की प्रश्न मिटला.

बटण जरूर बंद करा. पण दुसरी विनंती पाठवणारा माणूसच असतो, असं नाही. DELETE पुन्हा पाठवायला मानकाची मुभा असल्यामुळे मधल्या यंत्रणा ती मुभा वापरतात. एनजिनएक्सचंच घ्या. त्याच्या मागे ॲपचे दोन सर्व्हर असतील आणि पहिल्याचं उत्तर वेळेत आलं नाही, तर `proxy_next_upstream` च्या मूळ मांडणीनुसार तो विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे वळवतो. एकदा पुढे गेलेली POST आणि PATCH विनंती तो १.९.१३ या आवृत्तीपासून अशी आपणहून वळवत नाही. DELETE वळवतो.

आता समजा, थांबण्याची मुदत पाच सेकंद ठेवली आहे. पहिल्या सर्व्हरनं बुकिंग काढलं आणि गेटवरच्या टॅबलेटला निरोप पाठवताना तो अडकला. पाच सेकंद झाली, एनजिनएक्सनं तीच विनंती दुसऱ्या सर्व्हरला दिली. तिथे बुकिंग नाही, म्हणून 404. फोनवर पोचतं ते फक्त हे 404. काकूंनी बटण एकदाच दाबलं, ॲपनं विनंती एकदाच पाठवली, काम व्यवस्थित झालं आणि उत्तर मिळालं 'सापडलं नाही'.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे एक लोकप्रिय तोडगा लंगडा पडतो. 'पहिल्या प्रयत्नाला 404 आलं तर चूक समजा, आपण पुन्हा पाठवल्यावर आलं तर यश समजा,' असं ॲपच्या बाजूनं लिहिलं जातं. नियम वाईट नाही, नसण्यापेक्षा बराच. पण आपली विनंती सर्व्हरपर्यंत कितव्यांदा पोचते आहे, हे ॲपला कळायला मार्ग नाही.

गैरसमज: मग 404 ला सरसकट यश म्हणावं, नाहीतर सर्व्हरनं नेहमीच 204 द्यावं.

मोठ्या सेवांतही यावर एकमत नाही. ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत नसलेली फाइल काढायला सांगितली तरी 204 मिळतं. कुबरनेटिस 404 देतं, आणि ज्याला ती चूक मानायची नाही त्याच्यासाठी `kubectl delete` ला `--ignore-not-found` हा पर्याय ठेवतं. गूगलच्या एपीआय नियमांतही नसलेली वस्तू ही चूकच आहे, चालवून घ्यायचं असेल तर `allow_missing` असं मागणाऱ्यानं स्वतः सांगायचं.

सरसकट यशाची किंमत काय, ते आपल्याच उदाहरणात बघा. ऑफिसातल्या कुणी ४८२१३ ऐवजी ४८२३१ टाइप केलं आणि त्या क्रमांकाचं बुकिंग कधी झालंच नव्हतं. सर्व्हर म्हणाला 204. स्क्रीनवर हिरवी खूण, आणि P-7 आठ वाजेपर्यंत अडकून पडली. दुसरा प्रकार आणखी वाईट: नव्या आवृत्तीत पत्ता `/v2/bookings` झाला आणि जुनं ॲप जुन्याच पत्त्यावर विनंत्या पाठवत राहिलं. तिथून येणारं 404 'असा पत्ताच नाही' असं सांगत असतं. ॲप ते 'आधीच रद्द झालेलं दिसतंय' असं वाचतं. एकही बुकिंग रद्द होत नाही आणि तक्रार येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणजे 'होतं, पण काढलं' आणि 'कधी नव्हतंच' हे दोन प्रसंग वेगळे ओळखता आले पाहिजेत. ओळ टेबलातून कायमची पुसली तर सर्व्हरला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून अशा बुकिंगसाठी माझं मत ठाम आहे: ओळ पुसू नका, रद्द केल्याची वेळ नोंदवा.

```sql
UPDATE bookings SET cancelled_at = now()
WHERE id = 48213 AND flat_id = 1704
  AND cancelled_at IS NULL;
```

किती ओळी बदलल्या, ते बघायचं. एक बदलली, तर रद्द करणारे आपणच: पैसे परत करायचे, गेटला निरोप द्यायचा, 204 पाठवायचं. शून्य बदलल्या, तर याच फ्लॅटचं हे बुकिंग आधीच रद्द आहे का, ते बघायचं. असेल तर पुन्हा 204, पण पैसे आणि निरोप यांना हात लावायचा नाही. नसेल तर 404. बुकिंग दुसऱ्या फ्लॅटचं असेल तरीही 404 च, कारण ते आहे हेही या माणसाला कळायला नको. 404 चा तसा वापर मानकाला मान्य आहे.

इथे क्रम चुकवू नका. आधी SELECT करून 'आहे ना?' विचारलं आणि मग बदल केला, तर एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्यांना 'आहे' असंच उत्तर मिळू शकतं आणि पन्नास रुपयांचे शंभर परत जातात. वरच्या एकाच वाक्यात अट आणि बदल एकत्र आहेत, त्यामुळे 'एक ओळ' हे उत्तर दोघांपैकी एकालाच मिळतं. निरोप आणि परतावा यांची नोंदही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका वेगळ्या टेबलात लिहून ठेवा आणि पाठवायचं काम नंतर होऊ द्या. नाहीतर ओळ बदलून सर्व्हर मध्येच बंद पडला, तर दुसऱ्या विनंतीला शून्य ओळी दिसतील आणि निरोप कधीच जाणार नाही.

काही महिन्यांनी जुन्या ओळी साफ केल्या की मग 404 द्यायला हरकत नाही. एवढ्या उशिरानं कुणी तीच विनंती पुन्हा पाठवत नाही.

गैरसमज: धोका काय तो 404 चा. 204 आलं की सगळं ठीक.

खरा अपघात होतो तो दोन्ही वेळा 204 येऊनच. काही ॲपमध्ये पत्ता बुकिंगच्या क्रमांकाचा नसतो, जागेचा असतो: `DELETE /slots/P-7/booking`. सोसायटी ऑफिसच्या लॉगिनवरून, म्हणजे ज्याला सगळ्यांची बुकिंग रद्द करता येतात तिथून, ही विनंती गेली असं धरा.

```
18:04:11  DELETE /slots/P-7/booking  204
18:04:15  POST   /slots/P-7/booking  201
18:04:19  DELETE /slots/P-7/booking  204
```

मधल्या आठ सेकंदांत सतराव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मोकळी झालेली P-7 घेतली, आणि पुन्हा आलेल्या जुन्या विनंतीनं त्यांचं बुकिंग उडवलं. त्यांचे पाहुणे गेटवर आल्यावर वॉचमन म्हणणार, "साहेब, तुमच्या नावावर काही दिसत नाही." कुठेही चुकीचा कोड नाही, लाल पट्टी नाही. `/bookings/last` सारख्या पत्त्याचंही तेच, प्रत्येक वेळी तो दुसऱ्याच बुकिंगकडे बोट दाखवतो.

यावर सरळ उपाय म्हणजे प्रत्येक बुकिंगला स्वतःचा, पुन्हा कधी न वापरला जाणारा क्रमांक देणं आणि रद्द करताना तोच वापरणं. पत्ता बदलणं शक्य नसेल, तर कोणतं बुकिंग काढायचं आहे ते विनंतीनंच सांगावं:

```
DELETE /slots/P-7/booking
If-Match: "b48213"
```

P-7 वर आता दुसरंच बुकिंग असेल, तर जुळणी होत नाही, सर्व्हर 412 देतो आणि शेजाऱ्यांची जागा राहते.

तुमच्याकडे यांपैकी काय घडतंय, हे नोंदी चाळून कळतं. DELETE ला आलेली 404 वेगळी काढा आणि ॲपच्या सगळ्या सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येकीच्या आगेमागे मिनिटभरात त्याच क्रमांकाचं 204 शोधा, कारण अडकलेल्या पहिल्या सर्व्हरचं 204 नंतरही नोंदलं जाऊ शकतं. सापडलं, तर ती पुन्हा आलेली विनंती आहे आणि ग्राहकाला उगाच लाल पट्टी दिसली आहे. सापडलं नाही, तर बहुधा क्रमांक चुकतो आहे किंवा पत्ता, आणि त्याचा माग आजच काढायला हवा. पत्ता जागेचा असेल तर 404 शोधून हाती काही लागणार नाही. तिथे एकाच जागेची पाठोपाठ आलेली दोन 204 शोधा आणि त्यांच्या मध्ये एखादं 201 आहे का, ते बघा.