अक्षरे तेरा, अक्षरे आठ. मात्रा मात्र सोळा

‘सळसळ करतो पिंपळ हिरवा’ आणि ‘दारी आला ओला वारा’ या दोन ओळी लागोपाठ मोठ्याने म्हणून पाहा. पहिलीत 13 अक्षरे आहेत, दुसरीत 8. तरीही दोन्ही म्हणायला सारखाच वेळ लागतो. मराठीत अक्षर कधी ऱ्हस्व असते, कधी दीर्घ, त्यामुळे नुसती अक्षरे मोजून ओळीची लांबी कळत नाही.

ओवी-अभंगात अक्षरे मोजतात हे खरे. पण तिथे गाणारा प्रत्येक अक्षर लांबवून सारखे करून घेतो. साध्या वाचनात हा आधार नसतो, म्हणून तिथे मात्रा मोजाव्या लागतात.

हिशेब सोपा आहे. अ, इ, उ, ऋ या स्वरांचे अक्षर लघु, त्याची 1 मात्रा. इतर स्वरांचे अक्षर गुरू, त्याच्या 2. अनुस्वाराचा स्पष्ट उच्चार होत असेल तर ऱ्हस्वही गुरू होते, म्हणून ‘पिंपळ’च्या मात्रा 2+1+1. जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर आघात आला तरच गुरू होते. ‘सत्य’मधल्या ‘स’वर आघात येतो, तो गुरू. ‘तुझ्या’मधल्या ‘तु’वर येत नाही, तो लघुच. इथे डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवावा.

आता पहिली ओळ मोजू. सळसळ 4, करतो 4, पिंपळ 4, हिरवा 4. दुसरीतल्या आठही अक्षरांच्या दोन-दोन. दोन्हीकडे बेरीज 16. हे पादाकुलक वृत्त.

पण बेरीज जुळली म्हणजे ओळ जुळली असे नाही. ‘वारा आज दारात आला’ म्हणून पाहा. मात्रा 16च आहेत, तरी ओळ मध्येच अडखळते. पादाकुलकात आठ-आठ मात्रांची दोन आवर्तने असतात. इथे ‘वारा आज’ या शब्दांच्या 7 मात्रा होतात आणि पुढचा ‘दा’ आठवी व नववी अशा दोन्ही मात्रा व्यापतो. नवव्या मात्रेवर टाळी पडायला हवी, तेव्हा तोंडात अर्धा ‘दा’ असतो. तेच शब्द हलवून ‘दारात आज आला वारा’ केले की ‘दारात आज’ 8, ‘आला वारा’ 8, आणि ओळ सरळ चालते.

माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’त मात्रावृत्तांची मांडणी अशा आवर्तनांवरच केली. आठ मात्रांचे ते पद्मावर्तनी, सहांचे भृंगावर्तनी.

मात्रा मोजल्याने कविता चांगली होत नाही, पण ओळ कुठे लंगडते ते नेमके सापडते. म्हणून लिहिलेली ओळ आधी टाळी देत म्हणा. टाळी चुकली तर बेरजेकडे नव्हे, आवर्तनाच्या सांध्याकडे पाहा.