बिलाच्या फोटोतून मूळ भाव कसा काढायचा?

मागच्या आठवड्यात आमच्याकडे एक प्रश्न आला. अंबड तालुक्यातल्या एका बचत गटाला पापड-शेवयांच्या कामासाठी छोटी शेड बांधायची आहे. त्यासाठी पाच क्विंटल सळई लागणार. गटातल्या एका ताईंच्या दिरांनी गावाजवळच्या दुकानातून नुकतीच तेवढीच सळई घेतली होती. त्यांनी मोबाइलवर बिलाचा फोटो पाठवला. फोटोत खालची रक्कम तेवढी नीट दिसत होती: २९,५०० रुपये, करासहित. दुसरीकडे जालन्याच्या एका व्यापाऱ्याने फोनवर भाव सांगितला, "किलोला ४९ रुपये, अधिक जीएसटी."

आता स्वस्त कोण? एक भाव कर धरून आहे, दुसरा कर सोडून. आपला जालना सळईचा जिल्हा, इथल्या एमआयडीसीत रोलिंग मिल आहेत. आणि या धंद्यात भाव बहुतेक वेळा 'अधिक जीएसटी' असाच सांगतात. त्यामुळे हा घोळ आपल्याकडे घरोघरी होतो. (सळईचे भाव रोज हलतात. आम्ही इथे हिशोबाला सोपे पडतील असे आकडे धरलेत, ते आजचे भाव समजू नका.)

ताईंनी काय केलं, तर सळईवर १८ टक्के जीएसटी असतो हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी २९,५०० मधून १८ टक्के वजा केले. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर उत्तर आलं २४,१९०. त्याला ५०० किलोंनी भागलं, तर किलोला ४८ रुपये ३८ पैसे. म्हणजे ४९ वाल्यापेक्षा गावाजवळचं दुकान स्वस्त! गटाने तिथेच माल सांगायचं जवळजवळ ठरवलंही होतं.

यात चूक कॅल्क्युलेटरची नाही. त्याला जे विचारलं तेच त्याने सांगितलं. चूक आहे ती १८ टक्के कशाचे काढले यात. दुकानदाराने कर लावला तेव्हा त्याच्यासमोर २९,५०० हा आकडा नव्हताच. त्याच्यासमोर होता मालाचा मूळ भाव. त्या मूळ भावाचे १८ टक्के काढून त्याने त्यातच मिळवले, तेव्हा २९,५०० झाले. आपण मात्र मोठ्या रकमेचे १८ टक्के काढले, म्हणून कर जास्त निघाला आणि मूळ भाव कमी दिसला.

हे असं बघा. मूळ भावाचे शंभर भाग आहेत असं समजा. त्यावर कराचे अठरा भाग आले. एकूण भाग झाले ११८. बिलाची रक्कम म्हणजे हे ११८ भाग. मग एक भाग किती रुपयांचा? २९,५०० ला ११८ ने भागा, येतात २५०. मूळ भाव शंभर भागांचा, म्हणजे २५,००० रुपये. कर अठरा भागांचा, म्हणजे ४,५०० रुपये. दोन्ही मिळवा, २९,५०० परत येतात. हा मेळ बसला की उत्तर बरोबर. ताईंच्या २४,१९० वर १८ टक्के मिळवून पाहिले असते, तर २८,५४४ रुपये २० पैसेच झाले असते आणि चूक तिथेच सापडली असती. कॅल्क्युलेटरवर एका दमात करायचं असेल, तर २९५०० ÷ १.१८ असं करा. टक्क्याचं बटण दाबूच नका.

म्हणजे गावाजवळच्या दुकानाचा खरा मूळ भाव किलोला ५० रुपये निघाला. जालन्याचा ४९. पाच क्विंटलला जालन्यात २४,५०० आणि त्यावर कर ४,४१०, एकूण २८,९१०. फरक ५९० रुपयांचा, आणि तोही ताईंना दिसला त्याच्या उलट बाजूला. आता जालन्याहून माल आणायला टेम्पोचं भाडं ५९० पेक्षा जास्त पडणार असेल, तर जवळचंच दुकान परवडेल, ही गोष्ट वेगळी. पण तो निर्णय खऱ्या आकड्यांवर व्हावा.

फोटोबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बिल हातात असणं वेगळं आणि त्याचा फोटो असणं वेगळं. घडी पडलेल्या कागदावर ३ आणि ८ सारखेच दिसतात. कधी वरचा अर्धा भाग कापला जातो. अशा वेळी कराची ओळ शोधा. महाराष्ट्रातल्या दुकानदाराकडून आपण इथेच माल घेतला, की कर दोन ओळींत असतो: सीजीएसटी ९ टक्के आणि एसजीएसटी ९ टक्के. दोन्ही रकमा सारख्याच असतात. त्यातली एकच ओळ वाचता आली तरी काम होतं. समजा २,२५० दिसले. हे मूळ भावाचे नऊ टक्के. ९ ने भागून १०० ने गुणा, आले २५,०००. दोन वाटांनी एकच उत्तर आलं, तर आकडा बरोबर वाचला असं समजायला हरकत नाही. बिलाची शेवटची रक्कम पूर्ण रुपयात केलेली असते, म्हणून काही पैशांचा फरक आला तर गोंधळू नका. दहा-वीस रुपयांचा फरक आला, तर मात्र फोटो पुन्हा मागवा.

आणि फोटोतली तारीख जरूर बघा. सिमेंटचं उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. शेजारणीने त्याआधीचं बिल पाठवलं, गोणी ३८४ रुपये. तिथे १.१८ ने भागून चालणार नाही, १.२८ ने भागायचं. मूळ भाव येतो ३००. त्यावर आजचे १८ टक्के लावा, ३५४ होतात. म्हणजे मूळ भाव तोच राहिला, तर गोणीमागे ३० रुपये कमी व्हायला हवेत. "कर दहा टक्के उतरला, मग ३८ रुपये कमी करा" असा वाद दुकानदाराशी घालू नका, तिथे तो बरोबर असेल. दहा टक्के उतरले ते ३०० चे, ३८४ चे नव्हेत.

एकाच बिलात वेगवेगळ्या दरांच्या वस्तू असतील, तर खालच्या एकूण रकमेला एकाच आकड्याने भागू नका. ज्या दराची वस्तू, त्या दराने तिची रक्कम वेगळी भागावी लागते.

शेवटी एक अशी जागा, जिथे ही रीत लावायचीच नाही. काही लहान दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, आणि बिलावर तसं छापावंही लागतं. फोटोत 'कंपोझिशन' हा शब्द दिसला आणि कराच्या ओळी नसल्या, तर त्या रकमेला १.१८ ने भागून काही हाती लागणार नाही. तिथे उलट करा: दुसऱ्या दुकानाच्या भावात कर मिळवा, आणि मग दोन्ही पूर्ण रकमा शेजारी ठेवून बघा.