हद्दीच्या मोजणीसाठी दरपत्रक मागवताना

शेतकरी सहकारी संस्था गोदामासाठी घेतलेल्या जमिनीची हद्द मोजून घेण्याकरिता परवानाधारक भूमापकाकडून दरपत्रक मागवते, तेव्हा पत्रात गट क्रमांक आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र लिहून भागत नाही. मोजणी वहिवाटीची हवी की अभिलेखाप्रमाणे हद्द कायम करून हवी, हे आधी स्पष्ट असावे लागते. सगळा घोळ इथेच होतो.

समजा, सातबाऱ्यावर 1 हेक्टर 20 आर क्षेत्र आहे आणि जमीन 120 मीटर लांब, 100 मीटर रुंद आहे. शेजाऱ्याच्या नांगराने वर्षानुवर्षे बांध कोरत नेला आणि लांब बाजूची 5 मीटर पट्टी गेली, तर कमी झालेले क्षेत्र 600 चौरस मीटर, म्हणजे 6 आर होते. फक्त उभ्या कुंपणाची मोजणी केली, तर नकाशात 1 हेक्टर 14 आर दिसेल; गेलेली पट्टी दिसणारच नाही.

म्हणून पत्रात हाती काय पडायला हवे ते नेमके मागावे: मूळ मोजणी नकाशाशी जुळवलेला, प्रमाण लिहिलेला व सही-शिक्क्याचा नकाशा, प्रत्येक कोपऱ्यावर रोवलेला दगड, त्या कोपऱ्यांच्या निर्देशांकांची यादी, अतिक्रमणाचे वेगळे क्षेत्र, आणि लगतच्या खातेदारांना दिलेल्या सूचनेची पोच. ही पोच नसेल, तर शेजारी पुढे मोजणीलाच हरकत घेतो. सरकारी शुल्क, दगड-मजुरी आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून नकाशा प्रमाणित करून घेण्याचे काम दरात धरले आहे का, हेही विचारावे.