आठवड्याचा जेवणाचा तक्ता कसा करायचा? उरलेल्या पदार्थांचाही आधीच विचार करणारी पद्धत

सेव्ह केलेले वीस रील्स, व्हॉट्सॲपवर मावशीने पाठवलेली वरणफळांची कृती, फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी आणि डोक्यात घोळणारं 'एकदा मिसळ करायला हवी'. बहुतेक घरांत पदार्थांच्या कल्पना कमी नसतात. तरीही रात्री साडेनऊला 'उद्या डब्याला काय?' हा प्रश्न येतोच, आणि उत्तर बऱ्याचदा बटाट्याची भाजी असतं. तिकडे फ्रिजमध्ये मेथीची जुडी पिवळी पडत असते.

असं होतं, कारण पदार्थाचं नाव सुचणं आणि तो पदार्थ ठरलेल्या दिवशी करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मटकीची उसळ बुधवारी सकाळी डब्यात हवी असेल, तर मटकी सोमवारी रात्रीच भिजत घालावी लागते. बुधवारी सकाळी सुचून उपयोग नसतो. तक्ता लागतो तो यासाठी.

समजा, ठाण्यातलं एक चौघांचं घर आहे: नोकरी करणारे आई-बाबा, शाळेत जाणारी मुलगी आणि आजी. रोज तीन डबे जातात. भाजी रविवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी येते. गुरुवारी घरात अंडं-मांस चालत नाही. या घराचा एक आठवडा कसा बसवता येईल, ते पाहू.

आधी यादी, मग तक्ता

रिकामा तक्ता समोर घेऊन सोमवारपासून भरायला लागलं की बुधवारपर्यंत सुचेनासं होतं. म्हणून आधी इकडेतिकडे पडलेल्या सगळ्या कल्पना एका कागदावर उतरवायच्या. पंधरा-वीस पुरेत. मग प्रत्येक पदार्थापुढे तीन गोष्टी लिहायच्या: किती वेळ लागतो, आदल्या दिवशी काही करावं लागतं का, आणि त्यातून काही उरवता येतं का किंवा त्यात उरलेलं वापरता येतं का.

तिसरी गोष्ट लिहिताना जोड्या आपोआप दिसू लागतात. उसळ उरवता येते आणि मिसळीला उसळच लागते. वरण उरवता येतं आणि वरणफळांना वरण लागतं. रात्रीचा भात सकाळी फोडणीचा होतो, पोळ्यांचा कुस्करा होतो. इडलीच्या पिठाचे दुसऱ्या दिवशी डोसे होतात. या जोड्या तक्त्याचा कणा आहेत. बाकीचे पदार्थ त्यांच्या अवतीभवती बसतात.

चौकोन कोणत्या क्रमाने भरायचे?

सगळ्यात आधी जे बदलता येत नाही ते लिहायचं. गुरुवार शाकाहारी. मंगळवारी आईला यायला उशीर होतो, म्हणजे त्या रात्री अर्ध्या तासात होणारं जेवण हवं. भिंतीवरची दिनदर्शिकाही बघायची. संकष्टी आठवड्यात कुठल्याही वारी येते, आणि ज्या घरात ती पाळतात तिथे त्या दिवसाचा नाश्ता, डबा आणि रात्र असे तिन्ही चौकोन बदलतात.

त्यानंतर जोड्या बसवायच्या. जोडीतला दुसरा पदार्थ घाईच्या वेळेला ठेवायचा. या घरात वरण सोमवारी रात्री होतं आणि वरणफळं मंगळवारी, कारण तेव्हा वरण तयारच असतं. फक्त कणीक मळून फळं कापायची आणि उकळत्या वरणात सोडायची.

मग भाज्या, त्या किती टिकतात त्या क्रमाने. रविवारी आणलेली मेथी सोमवारीच संपवायची. भेंडी मंगळवारी. फ्लॉवर, दुधी, कोबी बुधवारच्या खरेदीत आणून पुढच्या दिवसांना. आवडीच्या क्रमाने भाज्या लावल्या तर पालेभाजी मागे राहते आणि सडते.

शेवटी उरलेले चौकोन भरायचे, आणि एक मुद्दाम मोकळा ठेवायचा. इथे तो शनिवारची रात्र आहे. आठवड्यात जे काही ठरल्याबाहेर उरलं ते तेव्हा संपतं. काहीच नसेल तर बाहेर जेवायला जाता येतं.

तयार तक्ता असा दिसतो

| वार | नाश्ता | डबा / दुपार | रात्र | उरलेलं आणि तयारी |
|---|---|---|---|---|
| सोम | पोहे | मेथीची भाजी, पोळी | वरण-भात, कोशिंबीर | ३ वाट्या वरण काढून ठेवणे → मंगळ रात्र. तयारी: २ वाट्या मटकी भिजत घालणे |
| मंगळ | उपमा | भेंडी, पोळी | वरणफळं | ४ पोळ्या जास्त करणे → बुध नाश्ता. तयारी: सकाळी मटकी उपसून फडक्यात बांधणे |
| बुध | फोडणीची पोळी | मटकीची उसळ, पोळी | अंडा करी, भात | अर्धी शिजलेली मटकी → गुरु रात्र. २ वाट्या जास्तीचा भात → गुरु नाश्ता |
| गुरु | फोडणीचा भात | फ्लॉवर-बटाटा, पोळी | मिसळ-पाव | उरलेले पाव → शुक्र नाश्ता |
| शुक्र | भाजलेले पाव, ऑम्लेट | दुधीची भाजी, पोळी | मुगाची खिचडी, कढी | तयारी: दुपारी तांदूळ-उडीद भिजत, रात्री वाटणे |
| शनि | इडली-चटणी | कोबीची भाजी, पोळी | मोकळी | अर्धं पीठ फ्रिजमध्ये → रवि नाश्ता |
| रवि | डोसे | चिकन रस्सा, भात | टोमॅटोचं सार, भात | भाजी आणणे, पुढचा तक्ता |

शेवटचा रकाना कसा लिहायचा?

बहुतेक तक्ते इथेच फसतात. 'उरलं तर वापरू' असं लिहिलं की ते वापरलं जात नाही. कारण काय उरणार, किती उरणार आणि कधी लागणार यातलं काहीच त्यात नसतं. नोंदीत तिन्ही हवं: पदार्थ, माप आणि तो कुठल्या चौकोनात जाणार. '३ वाट्या वरण → मंगळ रात्र' असं लिहिलं की सोमवारी कुकर लावतानाच डाळ जास्त घेतली जाते. जास्त शिजवलंच नाही, तर मंगळवारसाठी काही उरणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वाढण्याआधी काढून ठेवायचं. जेवण झाल्यावर पातेल्यात राहील ते ठेवू म्हटलं, तर ज्या दिवशी वरण छान झालं त्या दिवशी काहीच राहत नाही. आणि मंगळवारी उशिरा घरी आलेल्या आईला नव्याने डाळ शिजवावी लागते.

'शिळं खायचं नाही' अशी आजीची तक्रार असते, तिचंही उत्तर काढून ठेवण्यात आहे. या घरात बुधवारी मटकी शिजली की मसाला घालण्याआधीच अर्धी बाजूला काढतात. अर्ध्या मटकीची गोडसर उसळ डब्यात जाते. गुरुवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण ताजं करून उरलेल्या मटकीची मिसळ होते. कालची उसळ गरम करून पुढे आली, असं मग वाटत नाही. दोन्हींची चव वेगळी असते.

तयारीच्या वेळा मागे मोजत यायच्या

मटकीचंच उदाहरण घ्या. भिजायला आठ-दहा तास आणि मोड यायला साधारण एक दिवस. बुधवारी सकाळी शिजवायची तर मंगळवारी सकाळी फडक्यात बांधायला हवी, आणि सोमवारी रात्री भिजवायला. म्हणून उसळ बुधवारच्या चौकोनात असली तरी मटकीची पहिली नोंद सोमवारच्या ओळीत आहे.

इडलीचंही तसंच. डाळ-तांदूळ भिजायला चार-सहा तास आणि पीठ फुगायला रात्रभर लागते. शुक्रवारी दुपारी आजी ते भिजत घालते, रात्री आई वाटते. घरात दिवसा कुणी नसेल, तर सकाळी भिजवून भांडं फ्रिजमध्ये ठेवता येतं. थंडीत पीठ फुगायला जास्त वेळ घेतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ते तसंच बसलेलं दिसलं, तर इडली रविवारी आणि डोसे सोमवारी अशी अदलाबदल करायची.

भाताबाबत एक काळजी

रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणी द्यायची, ही जुनी सवय आहे. पण शिजवल्यावरही भातात बॅसिलस सिरिअस नावाच्या जीवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उलट्या-जुलाब होऊ शकतात, आणि भाताला वास येईलच असं नाही.

म्हणून सकाळसाठीचा भात वाढण्याआधीच काढायचा, ताटात पसरून लवकर गार करायचा आणि दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा. तो दुसऱ्या दिवशीच संपवायचा. वरण आणि शिजलेली मटकीही फ्रिजमध्येच ठेवायची आणि वापरताना चांगली उकळून घ्यायची. या तक्त्यात एकही शिजवलेला पदार्थ दुसऱ्या दिवसापुढे जात नाही, ते यामुळेच.

बेत फिसकटला तर?

तो फिसकटणारच. पाहुणे येतात, लोकल उशिरा पोचते, कुणाला ताप येतो. अशा वेळी सगळा तक्ता एक-एक दिवस पुढे ढकलला, तर प्रत्येक जोडी आणि प्रत्येक भाजी चुकते. त्यापेक्षा एक राखीव जेवण ठरवून ठेवायचं, ज्याचं सामान घरात कायम असतं. पिठलं-भात अर्ध्या तासात होतो. ज्या दिवशी बेत मोडला तिथे राखीव जेवण घालायचं, आणि नासणारी वस्तू असेल तेवढीच पुढच्या चौकोनात हलवायची. बुधवारी डबाच गेला नाही, तर मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये एक-दोन दिवस राहते. मेथी मात्र आणखी थांबत नाही.

रविवारी नवा तक्ता करण्याआधी जुन्यावर दोन खुणा करायच्या. जो पदार्थ झाला नाही त्यावर फुली, आणि जी बाणाची जोडी तुटली तिच्याखाली रेघ. एकाच चौकोनावर दोन आठवडे फुली आली, तर तो पदार्थ त्या वेळेत बसत नाही. त्याला रविवारी हलवायचं किंवा यादीतून काढायचं. जोडी तुटली असेल तर माप बघायचं: वरण तीन वाट्या काढलं होतं की दोनच? चार-पाच आठवड्यांत घराची मापं कळतात. मग जुने तक्ते आलटून पालटून वापरता येतात, आणि पुढच्या रविवारी बहुतेक काम जुना कागद शोधण्याचंच उरतं.