मोरचुदाचा निळा रंग किती बोलका!

संत्र्याच्या झाडाच्या बुंध्यातून डिंक गळू लागला की बागवाले मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण वापरतात. त्यासाठी मोरचुदाचे दाट द्रावण अनेकदा आधीच करून ठेवलेले असते. वरोऱ्याच्या एखाद्या बागेत असे पिंप उघडे राहिले आणि त्यात पावसाचे पाणी शिरले, तर पुढे काय? द्रावण निळेच दिसते, पण शंभर मिलिलिटरमध्ये मोरचूद किती उरले? कमी असेल तर फवारणी बुरशीला पुरी पडणार नाही. चव घेऊन पाहायची सोय नाही, कारण मोरचूद विषारी आहे. मग त्याच्या रंगालाच विचारू या.

शाळेच्या प्रयोगशाळेत, सरांच्या किंवा बाईंच्या देखरेखीखाली 10 ग्रॅम मोरचूद तोलून घ्या. ते ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एकूण द्रावण 100 मिलिलिटर करा. आता या द्रावणाचे 5, 10, 15, 20 आणि 25 मिलिलिटर वेगवेगळे मोजून घ्या आणि प्रत्येकात पाणी घालून ते 50 मिलिलिटर करा. झाली तुमची पाच प्रमाण द्रावणे! त्यांत दर 100 मिलिलिटरमागे अनुक्रमे 1, 2, 3, 4 आणि 5 ग्रॅम मोरचूद आहे.

रंग डोळ्यांनी जोखता येतो, पण 3 आणि 4 यांतला फरक सांगताना डोळे फसतात. म्हणून रंगमापक घ्या. त्याच्या दिव्यापुढे लाल काच लावा. तुम्ही म्हणाल, द्रावण निळे, मग काच लाल का? द्रावण निळे दिसते, कारण ते लाल प्रकाश गिळते आणि निळा सोडून देते. आपल्याला गिळलेला प्रकाश मोजायचा आहे. निळा प्रकाश वापरला तर तो जवळजवळ सगळाच पार जाईल आणि सर्व द्रावणे सारखीच भासतील.

आधी नळीत नुसते पाणी घालून पार गेलेला प्रकाश 100 धरा. समजा, पाच द्रावणांतून अनुक्रमे 72, 52, 38, 28 आणि 20 इतका प्रकाश पार गेला. याचा आलेख काढाल तर तो वाकडा येईल. असे का? पहिल्या ग्रॅमने 100 मधले 28 गिळले. दुसऱ्या ग्रॅमच्या वाट्याला 72 च आले. त्यानेही शंभरात 28 या हिशेबानेच म्हणजे 20 गिळले. दर ग्रॅम उरलेल्यातला तेवढाच हिस्सा खातो. म्हणून रंगमापकावर शोषणांक नावाचा दुसरा आकडा असतो. 100 ला पार गेलेल्या प्रकाशाने भागून त्याचा लॉगॅरिथम घेतला की तो मिळतो. आपल्या द्रावणांचे शोषणांक 0.14, 0.28, 0.42, 0.56 आणि 0.70 येतात. पाहा, दर ग्रॅमला 0.14 ची सारखी वाढ! लँबर्टने 1760 मध्ये आणि बीअरने 1852 मध्ये मांडलेल्या नियमांचे हेच सार आहे.

आलेखकागदावर आडव्या अक्षावर ग्रॅम आणि उभ्या अक्षावर शोषणांक घ्या. शून्यातून निघणारी सरळ रेषा मिळेल. आता पिंपातले द्रावण घ्या. ते थेट मोजले तर आकडा 0.70 च्या वर जातो. तिथे आपली रेषा तपासलेली नाही, म्हणून ती पुढे ओढून उत्तर काढू नका. 10 मिलिलिटर द्रावणात पाणी घालून ते 30 मिलिलिटर करा. समजा, शोषणांक 0.35 आला. 0.35 पासून आडवे रेषेपर्यंत जा आणि तिथून खाली उतरा, 2.5 ग्रॅम मिळतील. द्रावण तिप्पट पातळ केले होते, म्हणून मूळ द्रावणात 7.5 ग्रॅम.

पिंप भरताना 10 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद घातले होते, म्हणजे 100 मिलिलिटरमागे 10 ग्रॅम. आता 10 लिटरमध्ये 750 ग्रॅमच आहे. एक टक्क्याच्या 100 लिटर बोर्डो मिश्रणाला 1 किलो मोरचूद लागते. तेव्हा 10 ऐवजी सुमारे 13.3 लिटर द्रावण घ्यावे लागेल.

दोन गोष्टींनी हा हिशेब बिघडतो. विहिरीचे पाणी जड असेल तर त्यात मोरचूद घालताच फिकट गढूळपणा येतो. गढूळपणाही प्रकाश अडवतो आणि शोषणांक फुगतो. तसे दिसले तर द्रावण गाळून घ्या. दुसरे, मोरचुदाचे खडे पांढुरके पडले असतील तर ते प्रमाण द्रावणासाठी घेऊ नका. निळ्या खड्याच्या वजनात सुमारे 36 टक्के पाणी असते. ते उडून गेले की तेवढ्याच वजनात तांबे जास्त भरते, रेषा खरी असावी त्याहून उभी येते आणि पिंपातले मोरचूद कमी निघते.

प्रयोग झाल्यावर हात धुवा, आणि द्रावण ओढ्यात किंवा नालीत ओतू नका. तांबे माशांना घातक असते. ते बाटलीत भरून, नाव आणि प्रमाण लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला नवा आलेख काढताना तेच कामी येईल.